पासवर्ड बरोबर असूनही अकाउंट परत परत लॉक होत होतं, त्याची गोष्ट

ऑफिसच्या अकाउंटचा पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलायला लागतो, तसा मी या वेळीही बदलला, लॅपटॉपवर नवीन टाकला, फोनच्या मेलमधे नवीन टाकला, सगळं नीट चालू. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप उघडायला गेले तर स्क्रीनवर हे:

```
The referenced account is currently locked out and may not be logged on to.
```

म्हणजे "पासवर्ड चुकला" नाही, तर अकाउंटच लॉक. या दोन मेसेजमधला फरक तेव्हा मला फारसा माहीत नव्हता पण तोच सगळ्यात कामाचा निघाला, म्हणून आधी तेवढं सांगते. विंडोजच्या ऑफिसवाल्या लॉगिनमधे पासवर्ड चुकला की `The user name or password is incorrect` असं येतं, आणि लॉक असेल तर वरचा मेसेज येतो. लॉक असताना तुम्ही पासवर्ड बरोबर टाका नाहीतर चुकीचा टाका, उत्तर तेच. म्हणजे हा मेसेज दिसतोय तोवर "बघू तरी या वेळी लागतो का" म्हणून टाईप करण्यात काही अर्थच नाही, कारण बरोबर टाकलेला पासवर्डही आत घेतला जात नाही, आणि आपल्याला मात्र वाटायला लागतं की आपण पासवर्डच विसरलो. मग माणूस जुने आठवायला लागतो, थोडं बदलून बघतो, आणि लॉक सुटायची वेळ झाली की नेमके ते चुकीचे अंदाज मोजले जातात.

वेबसाईटवर याहून वाईट आहे. बऱ्याच साईट लॉक झाल्याचं सांगतच नाहीत, नुसतं "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा" एवढंच दाखवत राहतात, मुद्दाम, म्हणजे बाहेरून अंदाज मारणाऱ्याला कळू नये की हे अकाउंट खरंच आहे. तिथे ओळखायचं कसं, तर ज्या पासवर्डबद्दल तुमची शंभर टक्के खात्री आहे तोच नाकारला जातोय आणि त्याआधी बरेच प्रयत्न झालेत, तर लॉक धरून चालायचं आणि हात बाजूला घ्यायचा.

असो. मी सपोर्टला फोन केला, तिथल्या मुलाने लगेच अनलॉक करून दिलं, लॉगिन झालं, विषय संपला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तेच. परत फोन, परत अनलॉक. शनिवारी मी कामच करत नव्हते तरी फोनवरचं ऑफिसचं मेल बंद पडलेलं, उघडून बघितलं तर लॉक. आता मी कशालाच हात लावला नाहीये, मग लॉक कोण लावतंय?

इथे बहुतेक लोक जे करतात ते म्हणजे पासवर्ड परत बदलणं, आणि मीही सपोर्टच्या मुलाला तेच म्हणलं की बाबा मला रिसेटच करून दे, नव्याने सुरुवात करू. तो म्हणाला, "मॅडम, नको. आत्ता पासवर्ड बदललात तर तुमचा फोन, लॅपटॉप, जिथे जिथे हा पासवर्ड सेव्ह आहे ते सगळे चुकीचे होतील. आत्ता एकच चोर आहे, मग चार होतील." पटलं मला. शिवाय त्याने सांगितलं की पासवर्ड रिसेट केला म्हणून लॉक आपोआप निघतोच असं नाही, रिसेट करणाऱ्याला अनलॉकची टिक वेगळी करायला लागते. आणि आपण स्वतः Ctrl+Alt+Del करून पासवर्ड बदलायला गेलो आणि तिथे जुना पासवर्ड चुकीचा टाकला तर तोही एक चुकीचा प्रयत्न म्हणून मोजला जातो! म्हणजे लॉकमधून सुटायला जे दार आपण शोधतो तेही त्याच मोजणीत.

मग त्याने मला एक कमांड चालवायला सांगितली, ऑफिसच्या नेटवर्कमधे असताना. साध्या युजरलाही चालते, काही खास परवानगी लागत नाही:

```
net accounts /domain
```

यात बऱ्याच ओळी येतात, आपल्याला बघायच्या त्या तीन:

```
Lockout threshold:                      5
Lockout duration (minutes):             30
Lockout observation window (minutes):   30
```

तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. नवीन विंडोज 11 मधे, २२एच२ पासून, कंपनीशी न जोडलेल्या मशीनवरसुद्धा मुळातच १० प्रयत्न आणि १० मिनिटं असं लावून येतं. काही ठिकाणी तर मुदतच नसते, आयटीवाल्याने हाताने उघडेपर्यंत लॉक तो लॉक, तिथे वाट बघून काही होत नाही. पण आमच्याकडे पाच चुका झाल्या की लॉक, आणि लॉक तीस मिनिटांचा.

खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे आणि ती मला नीट समजायला वेळ लागला. माझा समज असा की तीस मिनिटांत पाच चुका झाल्या तर लॉक, म्हणजे हळूहळू, थांबून थांबून चुकलं तर काही नाही. तर तसं नाहीये. ती तीस मिनिटं शेवटच्या चुकीपासून मोजली जातात. म्हणजे एक चूक झाली की घड्याळ सुरू, तीस मिनिटं पूर्ण शांत गेली तर मोजणी शून्य. पण त्याआधी एक जरी चूक झाली तर आकडा एकने वाढतो आणि घड्याळ परत पहिल्यापासून. म्हणून दर पंधरा मिनिटांनी एक चूक होत राहिली तर ती मोजणी कधीच शून्यावर येत नाही, पाचवी चूक होते आणि लॉक. "थोडं थांबून ट्राय करते" मधलं थोडं म्हणजे किती, तर या तिसऱ्या ओळीतल्या आकड्यापेक्षा जास्त, त्याच्याआधी थांबलात काय न थांबलात काय, मोजणीच्या दृष्टीने सारखंच.

मोजणी शून्य व्हायचा दुसरा मार्ग म्हणजे एक बरोबर लॉगिन, सर्व्हरपर्यंत पोचलेलं. ते झालं की आधीच्या चुका पुसल्या जातात. आणि यामुळेच माझा प्रकार इतका विचित्र दिसत होता. मी लॅपटॉपवर बसून कामात असले, हे उघड ते उघड चालू असलं की काही होत नव्हतं. जरा मीटिंगमधे जाऊन बसले किंवा काम संपवून उठले की लॉक. मला वाटायचं लॅपटॉप झोपवला की काहीतरी बिघडतं. उलटं होतं: माझी बरोबर लॉगिनं थांबली की त्या कोणाच्या तरी चुकांना पाचापर्यंत पोचायला मोकळं रान.

तर तो "कोण" शोधणं हे पुढचं काम. विंडोजच्या डोमेनमधे, म्हणजे ऑफिसची सगळी मशीन आणि अकाउंट एका जागेवरून सांभाळली जातात त्या व्यवस्थेत, अकाउंट लॉक झालं की सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमधे 4740 नंबरची नोंद पडते आणि तिच्यात `Caller Computer Name` असा एक रकाना असतो, कुठल्या मशीनवरून तो शेवटचा चुकीचा प्रयत्न आला त्याचं नाव. ही नोंद बघायला अर्थात सपोर्टवालाच पाहिजे. पण तुम्ही मागू शकता, आणि मागितलीच पाहिजे, कारण नुसतं "अनलॉक करून द्या" म्हटलं की ते बिचारे अनलॉक करून देतात आणि तिकीट बंद. "4740 मधे कॉलर कोण दिसतोय?" एवढा एक प्रश्न विचारला तर समोरच्याचा सूरच बदलतो, हे मी अनुभवाने सांगते.

कॉलरचं नाव बघायच्या आधी आम्ही एक फेरी लॅपटॉपवर वाया घालवली होती, ती वाया गेली तरी सांगून ठेवते कारण बऱ्याच लोकांची भानगड तिथेच असते. विंडोज काही पासवर्ड स्वतःकडे साठवून ठेवतं, शेअर फोल्डरचे, प्रिंट सर्व्हरचे, जुन्या कुठल्या आतल्या साईटचे. ते बघायला:

```
cmdkey /list
```

यात आपल्या ऑफिसच्या युजरनेमने काही जुनं पडलेलं असेल तर ते काढून टाकायचं, कंट्रोल पॅनेलमधे क्रेडेन्शियल मॅनेजर म्हणून आहे तिथूनही निघतं. माझ्याकडे एका जुन्या फोल्डरचं सापडलं, काढलं, आनंद झाला. संध्याकाळी परत लॉक.

मग त्याने 4740 बघितलं. आमच्याकडे असे लॉगिन तपासणारे सर्व्हर एकापेक्षा जास्त आहेत पण चुकलेला पासवर्ड त्यातल्या एका मुख्य सर्व्हरकडे खात्री करायला पाठवला जातो, त्यामुळे नोंद शोधायची तर तिथे. कॉलर म्हणून माझ्या लॅपटॉपचं नाव नव्हतंच. नाव होतं आमच्या मेल सर्व्हरचं. म्हणजे लॅपटॉप निर्दोष. पण मेल सर्व्हर स्वतःहून माझा पासवर्ड कशाला चुकवेल, तो फक्त निरोप्या, कोणीतरी बाहेरून मेल मागतंय आणि चुकीचा पासवर्ड देतंय, आणि तो पुढे विचारतोय. मग मेल सर्व्हरचा लॉग. हा लॉग आपण उघडून बसलो तर डोळे फिरतात इतक्या लांब ओळी, त्याने माझं नाव गाळून, नको ते रकाने काढून मला साधारण असं दाखवलं:

```
16:02  default.eas  DeviceType=Android  401 1 1326
16:17  default.eas  DeviceType=Android  401 1 1326
16:32  default.eas  DeviceType=Android  401 1 1326
16:47  default.eas  DeviceType=Android  401 1 1326
17:02  default.eas  DeviceType=Android  401 1 1326
17:17  default.eas  DeviceType=Android  401 1 1909
17:33  default.eas  DeviceType=Android  401 1 1326
```

शेवटचा आकडा बघायचा. 1326 म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. 1909 म्हणजे अकाउंट लॉक आहे. चार वाजून दोन मिनिटांपासून दर पंधरा मिनिटांनी एक चूक, पाचवी पाच वाजून दोन मिनिटांनी, तिने लॉक लागला, सव्वापाचचा प्रयत्न लॉकवर आपटला, साडेपाचला लॉक सुटला आणि ५:३३ ला नव्या फेरीची पहिली चूक. पुढे ५:४८, ६:०३, ६:१८, ६:३३, परत लॉक. म्हणजे अर्धा तास लॉक, साधारण तासभर मोकळं, परत अर्धा तास लॉक, असं गाडं फिरतंय. मी त्या मोकळ्या तासात बघितलं तर सगळं छान, लॉकच्या अर्ध्या तासात बघितलं तर बंद, आणि आम्ही दोघं फोनवर "आत्ता चालू आहे", "आत्ता बंद आहे" करत बसलेलो.

एक मोठा घोळ इथे होता होता वाचला. हे लॉग वेळ UTC मधे लिहितात, आपल्या घड्याळाप्रमाणे नाही. आधी त्याने कच्च्या वेळा वाचून दाखवल्या तेव्हा त्या माझ्या कुठल्याच दिवसाशी जुळेनात, आणि मला वाटलं कोणीतरी दुसऱ्या देशातून बसून माझं अकाउंट फोडतंय, घाबरलेच. वर दाखवल्यात त्या वेळा त्याने नंतर आमच्या घड्याळाच्या करून दिलेल्या आहेत. आणि जुळवल्यावर तो म्हणाला, "मॅडम, फोडणारा माणूस इतका शिस्तीचा नसतो. दर पंधरा मिनिटांनी एकच पासवर्ड, तो पण एकाच डिव्हाइसवरून, हे मशीनचं काम आहे, कोणीतरी विसरलेलं." बाहेरून हल्ला असता तर वेगवेगळे पत्ते दिसले असते, बऱ्याच जणांची अकाउंट एकाच वेळी चुकत असती. तसं दिसलं तर मात्र वाट बघणं हा उपाय नाही, तो वेगळा मामला, आणि तेव्हा पहिला फोन सिक्युरिटीवाल्यांना.

आता अँड्रॉइड. माझा फोन अँड्रॉइडच, पण त्याच्यात नवीन पासवर्ड होता आणि मेल येत होतं. लॉगमधे डिव्हाइसचा एक आयडीपण असतो, तो माझ्या फोनचा नव्हता. त्याने मेलबॉक्सला जोडलेल्या डिव्हाइसची यादी काढली आणि तिच्यात निघाला माझा जुना टॅब. जो मी वापरणं कधीच सोडलंय आणि बहिणीच्या मुलाला चित्रं काढायला देऊन टाकलाय! शाळेतून आला की टॅब चालू, रात्री बंद, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून चालू. सगळं कोडं सुटलं, संध्याकाळ का, शनिवार का.

बहिणीकडे फोन लावला आणि भाच्याला विचारलं की टॅबवर काही लाल वगैरे येतं का वरती. तो म्हणाला, "हो मावशी, ते साइन इन फेल्ड का काय येतं सारखं, मी बाजूला सारतो." सारतो! दर थोड्या वेळाने तो निरोप येत होता आणि तो इमानेइतबारे बोटाने बाजूला सारून पुढचं चित्र काढत होता.

पण एक गोष्ट मला काही केल्या पटेना. टॅब देऊन इतके दिवस झाले, त्यानंतर माझे पासवर्ड दोनदा बदलून झाले होते आणि आता हा तिसरा. मग आधीच्या दोन्ही वेळेला लॉक का नाही झालं? टॅब तर तेव्हाही जुनाच पासवर्ड देत असणार. हा प्रश्न मी विचारल्यावर सपोर्टचा मुलगा जरा थांबला, बघून सांगतो म्हणाला, आणि त्याने जे सांगितलं ते मला या सगळ्यात सगळ्यात आवडलं.

विंडोज डोमेनमधे चुकीचा पासवर्ड आला की तो मोजायच्या आधी एक तपासणी होते: हा पासवर्ड या माणसाच्या अगदी अलीकडच्या जुन्या दोन पासवर्डपैकी आहे का? असेल तर आत घेत नाहीत, पण मोजतही नाहीत. कारण उघड आहे, पासवर्ड बदलल्यावर एखादं विसरलेलं मशीन जुना देत राहणार हे त्यांनी गृहीतच धरलंय. आता हिशोब लावा. टॅबमधे होता पासवर्ड "क". मी बदलून "ख" केला, तेव्हा क हा कालचा, माफ. मग "ग" केला, तेव्हा क हा परवाचा, तोही माफ. आता "घ" केला, तेव्हा माफ होणारे दोन म्हणजे ग आणि ख, आणि क त्या यादीतून बाहेर पडला. त्या दिवसापासून टॅबची प्रत्येक चूक मोजली जायला लागली. टॅब इतके महिने चुकतच होता, फक्त आत्तापर्यंत ते पोटात घातलं जात होतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की पासवर्ड बदलल्याबरोबर लॉक सुरू झाले तर आपण "काय नवीन केलं" ते शोधत बसतो, पण दोषी बहुतेक वेळा जुनं असतं, बरंच जुनं. शेवटच्या बदलात कुठे टाकायचा राहिला हे नाही विचारायचं, दोनतीन बदलांपूर्वी हा पासवर्ड कुठे कुठे टाकला होता ते आठवायचं. दिलेला टॅब, खोक्यात पडलेला जुना फोन, दुसऱ्या टीमच्या मशीनवर चालू ठेवलेलं सेशन, कधीतरी लावून ठेवलेलं आपोआप चालणारं काम.

आणि इथेच परत त्या "पासवर्ड बदलून टाकू" वाल्या उपायाकडे बघा. मी त्या दिवशी हट्ट करून बदलला असता तर टॅब तसाच चुकत राहिला असता, वर ख पण माफीच्या यादीतून गेला असता, म्हणजे ख कुठे विसरला असेल तर तोही मोजणीत आला असता. लॉक थांबवायला पासवर्ड बदलणं म्हणजे उलट नवीन चोर उभे करणं.

क्लाउडवरचं लॉगिन थोडं वेगळं वागतं, तेही त्याने सांगितलं कारण आमचं अर्धं काम तिकडे आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड लॉगिनमधे, ज्याला आता एंट्रा म्हणतात, मुळातली मर्यादा १० चुकांची आहे आणि पहिला लॉक फक्त ६० सेकंदांचा असतो, पण पुढे चुकत राहिलात तर मुदत वाढत जाते. आणि तिथे शेवटचे तीन चुकीचे पासवर्ड लक्षात ठेवतात, म्हणजे तोच तो चुकीचा पासवर्ड परत परत आला तर नव्याने मोजत नाहीत. माझा टॅब तिथे असता तर बहुतेक कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण माणूस तिथे जास्त अडकतो, कारण माणूस प्रत्येक वेळी वेगळा अंदाज मारतो आणि वेगळा अंदाज मोजला जातो. तिथला मेसेज साधारण `Your account is temporarily locked to prevent unauthorized use` असा असतो आणि कोड `AADSTS50053`. तो कोड दिसला की लिहून ठेवायचा, सपोर्टला तेवढा सांगितला तरी पुरतो.

आमच्या लिनक्स सर्व्हरवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याला हे सांगत होते तर ती म्हणाली आमच्याकडे अजून कडक. तिथे `pam_faillock` नावाचं असतं, काही बदललं नसेल तर ३ चुका, १० मिनिटं लॉक, आणि चुका मोजायची खिडकी १५ मिनिटांची. तिथे अ‍ॅडमिन `faillock --user नाव` करून कुठून कधी चुकलं ते बघतो आणि `--reset` लावून पुसतो. नियम सगळीकडे वेगळे आणि म्हणूनच एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे लावायला जाऊ नये, फोनचा पिन चुकल्यावर जसं एक मिनिट, मग पाच, मग पंधरा असं वाढत जातं तसं ऑफिसच्या लॉगिनला असेलच असं नाही. आमच्याकडे लॉक असताना टॅबने कितीही डोकं आपटलं तरी तीस मिनिटांची एकतीस झाली नाहीत, वरच्या लॉगमधेच दिसतंय, सव्वापाचला आपटून ५:३३ ला त्याची नवी फेरी सुरू झाली. पण काही साईट अशा आहेत की लॉकमधे केलेला प्रयत्नसुद्धा मुदत पुढे ढकलतो. कुठलं कसं हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे लॉकमधे गप्प बसणं हे कुठेही तोट्यात जात नाही.

आता टॅब काढण्याचं. इथे मी एक गोष्ट आधी विचारली हे बरं झालं. मला वाटलं भाच्याला सांगू की ते मेलचं चित्र दाबून धर आणि अनइन्स्टॉल कर. पण बऱ्याच अँड्रॉइडवर ऑफिसचं मेल अ‍ॅपमधे नाही तर टॅबच्या सेटिंगमधल्या अकाउंटच्या यादीत बसलेलं असतं, अ‍ॅपचं चित्र होमस्क्रीनवरून गेलं तरी मागे सिंक चालूच. म्हणून सेटिंग, त्यात अकाउंट, त्यात ऑफिसचं अकाउंट, आणि तिथे रिमूव्ह. बहिणीने ते फोनवर माझ्याशी बोलत बोलत केलं, मधे भाचा "माझी चित्रं जातील का" म्हणून रडवेला झालेला, त्याला समजावण्यात जास्त वेळ गेला. सपोर्टच्या मुलाला मी आधीच बजावून ठेवलं होतं की तुझ्या बाजूने टॅब पुसायची आज्ञा देऊ नकोस. तशी एक सोय असते, लांबून डिव्हाइस साफ करायची, आणि ती चुकून दाबली तर खरंच सगळी चित्रं जाऊ शकतात. नुसतं यादीतून डिव्हाइस काढणं वेगळं आणि पुसणं वेगळं, त्याने टॅबवरचं अकाउंट निघाल्यावर यादीतून नाव काढलं, बास.

त्यानंतरचा क्रमही त्याने नीट करून घेतला. अनलॉक लगेच केलं नाही. आधी टॅब बंद, मग माझ्या फोनला एअरप्लेन मोड, म्हणजे कोणीच मधे लुडबुड करणार नाही, आणि पूर्ण तीस मिनिटं उलटून वर थोडी अशी शांतता. मी म्हणलं अरे तू अनलॉक करू शकतोस की, कशाला बसायचं. तर म्हणाला की अनलॉक केलं तर आत्ता चालेल पण खरंच चोर गेला का हे कळणार नाही, घड्याळाने आपोआप सुटू दे, मग मोजणी शून्यावर राहते का बघू. त्याच्याकडे `LockoutStatus` नावाचं मायक्रोसॉफ्टचंच एक छोटं टूल आहे, त्यात प्रत्येक सर्व्हरसमोर चुकांचा आकडा दिसतो.

वेळ झाल्यावर लॉगिन. इथे एक सवय लावून घेतली ती सांगते: लॉकनंतरचा पहिला पासवर्ड घाईत टाकायचा नाही. कीबोर्ड कुठल्या भाषेवर आहे ते बघायचं, माझ्याकडे मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत आणि लॉगिनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात ते बारीक अक्षर दिसतं, Caps Lock बघायचं, पासवर्ड टाकून झाल्यावर त्या डोळ्याच्या खुणेवर दाबून धरून आपण काय टाकलंय ते डोळ्याने वाचायचं, आणि मगच एंटर. आणि तरी चुकला तर दुसरा लगेच नाही टाकायचा. पाचपैकी दोन किंवा फार तर तीन चुका झाल्या की थांबून सपोर्टला फोन, कारण चौथ्या-पाचव्यापर्यंत गेलं की परत पहिल्यापासून. शिवाय काही अ‍ॅप आपण एकदा टाकलेला चुकीचा पासवर्ड स्वतःच लागोपाठ दोनतीनदा पाठवतात, आपल्या हिशोबाने एक चूक आणि सर्व्हरच्या हिशोबाने तीन.

माझं पहिल्या फटक्यात लागलं. मग फोनचा एअरप्लेन मोड काढला, मेल यायला लागलं, त्याच्या टूलमधे आकडा शून्यच. लॅपटॉप तसाच बाजूला ठेवून मी मुद्दाम काही उघडलं नाही, म्हणजे माझ्या बरोबर लॉगिनने चुका पुसल्या जाऊन खोटा दिलासा नको. आमच्या हिशोबाने टॅब जिवंत असता तर सव्वातासात आकडा पाचावर पोचून लॉक व्हायला पाहिजे होतं. दीड तासाने विचारलं, शून्य. संध्याकाळी भाच्याची चित्रं काढायची वेळ होऊन गेल्यावर परत विचारलं, शून्य, आणि त्याने तिकीट बंद केलं, कारणाच्या रकान्यात "जुना टॅब" एवढंच लिहून.